इटालियन शिकताना: शनिवारी लूक्काला जायचं ठरवणारा एक छोटा संवाद

हा लेख इटालियनची अगदी सुरुवात केलेल्यांसाठी आहे. एक ते शंभर आकडे, 'असणे'चं वर्तमानकाळातलं रूप आणि शंभर-दीडशे शब्द येत असले की पुरे. संवाद फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या दोन मित्रांचा आहे. जूल्या आणि मार्को शनिवारी लूक्काला जायचं ठरवतात. लूक्का हे तोस्काना प्रांतातलं जुनं तटबंदीचं शहर आहे, फ्लॉरेन्सहून लोकल गाडीने साधारण सव्वा ते दीड तासावर.

बोलण्याचा भाग मुद्दाम देवनागरीत दिला आहे, कारण इटालियनचे बहुतेक ध्वनी देवनागरीत जवळजवळ जसेच्या तसे उतरतात. रोमन लिपी जिथे पडद्यावर वाचावी किंवा टाइप करावी लागते, तिथेच दिली आहे.

पायरी 1: आधी ध्वनी पक्के करा

मराठी माणसाला इथे मोठा फायदा आहे. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य असतात, जीभ दातांना लागते. त्यांच्या जागी ट-ड आला की इंग्रजीतून शिकल्याचं लगेच ऐकू येतं. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च हे वेगळे ध्वनी आपण विचार न करता काढतो, आणि इटालियनला दोन्ही लागतात. खाली 'त्स' लिहिलं आहे तिथे चमच्यातला च म्हणा, साधा 'च' दिसेल तिथे चहातला. त्याचप्रमाणे साधा 'ज' म्हणजे 'जिरे'तला, आणि नुक्ता दिलेला 'ज़' म्हणजे 'जग'मधला. हा दुसरा ज संवादात एकदाच येतो.

जोडाक्षर मात्र खाऊ नका. 'पक्का', 'पत्ता', 'अण्णा' म्हणताना आपण व्यंजनावर क्षणभर थांबतो, तेवढंच इथे थांबायचं. 'सेत्ते' म्हणजे सात आणि 'सेते' म्हणजे तहान. थांबला नाहीत तर सात वाजताची गाडी सांगताना तुम्ही तहानेबद्दल बोलाल. 'फ' मात्र आपला नव्हे. खालचा ओठ वरच्या दातांना लावून 'फ्रिज' म्हणताना काढतो तो.

जोर बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो: सेत्तिमाना, आन्दारे, स्तात्स्योने. या संवादात काही शब्द हा नियम मोडतात, आणि नेमके तेच सारखे लागतात. साबातो, लीबेरो, माक्किना, कोमोदो आणि प्याच्चोनो यांचा जोर पहिल्या अक्षरावर आहे, दोमेनिकाचा 'मे'वर. 'साबातो'तल्या 'बा'वर जोर देणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. हे सहा शब्द टाळी वाजवत वेगळे म्हणून घ्या आणि मगच पुढे जा.

पायरी 2: संवाद, आधी पूर्ण वाचा

पहिल्या वाचनात व्याकरणाकडे बघू नका. इटालियन ओळ मोठ्याने वाचा, मग खालचा अर्थ वाचा, मग इटालियन ओळ पुन्हा.

1. जूल्या: चाओ, मार्को! के फाइ क्वेस्तो फीने सेत्तिमाना?
(काय रे मार्को! या वीकेंडला काय करतोयस?)

2. मार्को: चाओ! साबातो सोनो लीबेरो, दोमेनिका नो: प्रान्ज़ो दाइ नोन्नी. पेर्के?
(बोल! शनिवारी मोकळा आहे, रविवारी नाही: आजी-आजोबांकडे जेवायला. का गं?)

3. जूल्या: ती वा दी आन्दारे आ लूक्का?
(लूक्काला जायचं का?)

4. मार्को: सी, वोलेन्त्येरी! कोमे ची आन्द्यामो, इन माक्किना ओ इन त्रेनो?
(हो, आनंदाने! तिथे कसं जायचं, गाडीने की ट्रेनने?)

5. जूल्या: इन त्रेनो. ए कोमोदो: ला स्तात्स्योने ए विचीनो आल्ले मूरा.
(ट्रेनने. सोयीचं आहे: स्टेशन तटबंदीजवळच आहे.)

6. मार्को: आ के ओरा पार्त्यामो?
(किती वाजता निघायचं?)

7. जूल्या: चे उन त्रेनो आल्ले नोवे ए द्येची.
(नऊ दहाची एक गाडी आहे.)

8. मार्को: दी साबातो? ए प्रेस्तो!
(शनिवारच्या दिवशी? फार लवकर होतं!)

9. जूल्या: वा बेने, आल्लोरा प्रेन्द्यामो क्वेल्लो देल्ले द्येची ए द्येची.
(बरं, मग दहा दहाची पकडू.)

10. मार्को: पेर्फेत्तो. क्वान्तो दूरा इल व्याज्जो?
(झकास. प्रवास किती वेळाचा आहे?)

11. जूल्या: उनोरा ए वेन्ती, प्यू ओ मेनो.
(एक तास वीस मिनिटं, थोडंफार इकडेतिकडे.)

12. मार्को: ए आ लूक्का के फाच्चामो?
(आणि लूक्कात काय करायचं?)

13. जूल्या: नोलेज्जामो दूए बीची ए फाच्चामो इल जीरो देल्ले मूरा.
(दोन सायकली भाड्याने घेऊ आणि तटबंदीवरून चक्कर मारू.)

14. मार्को: बेल्लो! ले मूरा मी प्याच्चोनो. ए दोवे मान्जामो?
(मस्त! मला ती तटबंदी आवडते. आणि जेवायचं कुठे?)

15. जूल्या: पोर्त्यामो ई पानीनी ओ आन्द्यामो इन त्रात्तोरीया?
(सँडविच घेऊन जाऊ या की खानावळीत जाऊ या?)

16. मार्को: इन त्रात्तोरीया. प्रेनोतो ईओ.
(खानावळीत. बुकिंग मी करतो.)

17. जूल्या: ए से प्योवे?
(आणि पाऊस आला तर?)

18. मार्को: से प्योवे, आन्द्यामो आ वेदेरे ला कासा दी पुच्चीनी.
(पाऊस आला तर पुच्चीनीचं घर बघायला जाऊ.)

19. जूल्या: ओके. आल्लोरा ची वेद्यामो इन स्तात्स्योने, दावान्ती आल ताबेल्लोने, आल्ले द्येची मेनो उन क्वार्तो.
(ओके. मग स्टेशनवर भेटू, गाड्यांच्या मोठ्या फलकासमोर, पावणेदहाला.)

20. मार्को: दाक्कोर्दो. आ साबातो!
(ठरलं. शनिवारी भेटू!)

दोघं मित्र आहेत म्हणून सगळा संवाद 'तू'मध्ये आहे. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाशी हाच संवाद चालणार नाही. तिसऱ्या ओळीतला 'ती' तिथे 'ले' होईल: 'ले वा दी आन्दारे...'

ओळ 13 आणि 18 मध्ये काय चाललंय तेही कळायला हवं. लूक्काची तटबंदी सोळाव्या-सतराव्या शतकातली आहे आणि अजून सलग उभी आहे. घेर साधारण 4.2 किलोमीटर. वरचा माथा इतका रुंद आहे की त्यावर झाडांच्या रांगा लावून रस्ता केला आहे, म्हणूनच सायकलने तिच्यावरून चक्कर मारता येते. रमतगमत गेलं तरी सायकलने अर्धा तास पुरतो. संगीतकार जाकोमो पुच्चीनी 1858 मध्ये लूक्कात जन्मला, आणि त्याचं जन्मघर आज संग्रहालय आहे.

पायरी 3: इंग्रजीतून नको, मराठीतून वळा

बहुतेकांच्या चुका इथून येतात. आपण इटालियन बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकांतून शिकतो, त्यामुळे मनातलं वाक्य आधी इंग्रजीत बसवतो आणि मग इटालियनमध्ये. या संवादात निदान तीन ठिकाणी मराठीची वाट सरळ आहे आणि इंग्रजीची वळसा घेते.

पहिलं ठिकाण ओळ 14. 'ले मूरा मी प्याच्चोनो' याची रचना 'मला तटबंदी आवडते' अशीच आहे. 'मी' हा इथे 'मला', आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं. आपणही 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' असंच करतो. एक वस्तू असेल तर 'मी प्याचे', अनेक असतील तर 'मी प्याच्चोनो'. 'मूरा' इटालियनमध्ये अनेकवचनी आहे, म्हणून 'प्याच्चोनो'. इंग्रजीच्या वाटेने आलेला माणूस 'ईओ प्याच्चो' म्हणतो, आणि त्याचा अर्थ 'मी लोकांना आवडतो' असा होतो. समोरचा हसला तर कारण हे.

ओळ 3 मधलं 'ती वा' याच घरातलं आहे. 'तुला जमेल का, मन आहे का' या अर्थाने ते येतं, पुढे 'दी' आणि क्रियापदाचं मूळ रूप: ती वा दी मान्जारे (खायचं का), ती वा दी उशीरे (बाहेर पडायचं का). उत्तरात 'सी, मी वा' किंवा 'नो, नोन मी वा'. मित्राला काही सुचवायचं असेल तेव्हा नवशिक्याला हा साचा सगळ्यात सोपा जातो, कारण क्रियापद चालवावंच लागत नाही.

दुसरं ठिकाण ओळ 2, 'दाइ नोन्नी'. माणसाकडे जायचं असेल तर इटालियन 'दा' वापरतं, आणि त्याचं काम आपल्या '-कडे'सारखं आहे. दा जूल्या म्हणजे जूल्याकडे, दाल मेदिको म्हणजे डॉक्टरांकडे. 'आजी-आजोबांच्या घरी' म्हणायला 'घर' हा शब्द शोधत बसू नका, 'दाइ नोन्नी'त घर आलंच. फक्त हाच 'दा' '-हून' या अर्थानेही येतो: पार्त्यामो दा फिरेन्त्से, म्हणजे फ्लॉरेन्सहून निघतो. 'दा'नंतर माणूस की गाव हे बघितलं की बहुतेक वेळा अर्थ उलगडतो.

तिसरं ठिकाण ओळ 18, 'आन्द्यामो आ वेदेरे'. जाणे, मग 'आ', मग मूळ क्रियापद. इथे 'आ' म्हणजे आपला '-आयला': बघायला जाऊ, खायला जाऊ (आन्द्यामो आ मान्जारे). हा 'आ' गाळणं ही फार नेहमीची चूक आहे. 'आन्द्यामो वेदेरे' कुणाला कळेल, पण ते 'आपण बघणं जाऊ' इतकं तुटक वाटतं.

पायरी 4: '-आमो' आणि येणारा शनिवार

संवादात भविष्यकाळ एकदाही नाही. ठरलेल्या गोष्टीसाठी इटालियन बोलण्यात वर्तमानकाळ पुरतो, जसं आपण 'उद्या निघतो' म्हणतो. सुरुवातीला भविष्यकाळाची रूपं घोकायची घाई नको.

आन्द्यामो, पार्त्यामो, प्रेन्द्यामो, फाच्चामो, नोलेज्जामो, मान्जामो, पोर्त्यामो, वेद्यामो: शेवट सगळीकडे सारखाच. 'आपण'चं रूप इटालियनमध्ये क्रियापदाच्या तिन्ही गटांत एकच आहे, आणि ते 'करतो', 'करूया' आणि प्रश्नात 'करायचं का' ही तिन्ही कामं करतं. दोघांनी बेत आखायचा असेल तर या एका रूपावर निम्मा संवाद तरतो. अपवाद एकच लक्षात ठेवा: फारे (करणे) याचं 'फाच्चामो' होतं, 'फामो' नाही.

वाराचं मात्र सांभाळा. नुसतं 'साबातो' म्हणजे हा येणारा शनिवार. 'इल साबातो' म्हणजे दर शनिवारी. 'इल साबातो सोनो लीबेरो' म्हटलंत तर मित्राला वाटेल तुम्ही प्रत्येक शनिवारी मोकळे असता. ओळ 8 मधलं 'दी साबातो' हे 'शनिवारच्या दिवशी म्हणून' अशा सुराचं आहे. वारांची पहिली अक्षरं इटालियनमध्ये लहान लिहितात, मोठी नाहीत.

ओळ 4 मधल्या 'ची'चा अर्थ 'तिथे' (लूक्काला), पण ओळ 19 मधल्या 'ची वेद्यामो'त 'ची' म्हणजे 'एकमेकांना'. दिसायला सारखे, कामं वेगळी. सध्या दोन्ही पूर्ण वाक्यासकट पाठ करा. सुटं समजून घ्यायला पुढे वेळ मिळेल.

पायरी 5: वेळ सांगणं

आपल्या सव्वा, साडे, पावणेशी इटालियनचा हिशोब जुळतो. नऊ वाजता: आल्ले नोवे. सव्वानऊला: आल्ले नोवे ए उन क्वार्तो. साडेनऊला: आल्ले नोवे ए मेज्ज़ा. पावणेदहाला: आल्ले द्येची मेनो उन क्वार्तो, म्हणजे 'दहाला पाव कमी'. पावणे म्हणताना आपणही पुढच्या तासाचं नाव घेतो, त्यामुळे इथे चुकायला नको. चुकतं ते एक वाजता. तेव्हा 'आल्ले' नाही, 'आल्लूना' म्हणायचं, कारण एक हा एकवचनी आहे.

मित्राशी बोलताना बारा तासांचं घड्याळ चालतं: दुपारी तीनला 'आल्ले त्रे' म्हटलं की कळतं. तिकिटावर आणि फलकावर मात्र 15:00 असंच दिसेल. स्टेशनवरची घोषणाही 'आल्ले क्विन्दिची' अशी होते. म्हणून तेरा ते चोवीस हे आकडे कानाला ओळखता आले पाहिजेत, बोलता आले नाहीत तरी चालेल.

संवादातल्या वेळा नमुन्यादाखल आहेत. खरं वेळापत्रक दर मोसमात बदलतं, ते त्या वेळी बघा.

पायरी 6: तिकीट आणि फलक

मशीनवर निघायचं स्टेशन `Firenze S. M. Novella` असं दिसतं आणि पोहोचायचं `Lucca`. पुढे `Solo andata` म्हणजे फक्त जाण्याचं, `Andata e ritorno` म्हणजे जाऊन-येऊन. लोकल गाडीचं (`Regionale`) कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि परदेशी आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका.

फलकावर `Partenze` म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, `Binario` म्हणजे फलाट, `Ritardo` म्हणजे उशीर (मिनिटांत). लूक्काच्या बाबतीत एक खास अडचण येते. तिथे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढे समुद्रकाठच्या व्यारेज्जोला जातात, आणि फलकावर शेवटचं स्टेशन म्हणून मोठ्या अक्षरांत `Viareggio` दिसतं. `Lucca` शोधत राहिलात तर गाडी डोळ्यांसमोरून जाईल. विचारायचं असेल तर: स्कूसी, क्वेस्तो त्रेनो फेर्मा आ लूक्का? (माफ करा, ही गाडी लूक्काला थांबते का?) अनोळखी माणूस आहे, म्हणून 'स्कूसी', मित्राला 'स्कूसा'.

पायरी 7: गाव बदला, संवाद मोडून बघा

पाठ झालेला संवाद खरंच आला की नाही हे गाव बदललं की कळतं. लूक्काऐवजी सिएना घ्या. फ्लॉरेन्सहून सिएनाला बरेच जण बसने जातात, कारण सिएनाचं रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि गाव वर, तर बस जुन्या गावाच्या जवळ सोडते. मग ओळ 4 मध्ये 'इन पुल्मान ओ इन त्रेनो', आणि ओळ 5 पूर्ण नवी: 'इन पुल्मान. ला स्तात्स्योने ए लोन्ताना दाल चेन्त्रो' (स्टेशन गावापासून लांब आहे). 'लोन्ताना'च्या शेवटी आ, कारण स्तात्स्योने स्त्रीलिंगी आहे. ओळ 13 ची सायकल सिएनाच्या चढउतारांवर विसरा, 'आ प्येदी' (पायी) म्हणा. पुल्मान हा शब्द अनेकवचनातही बदलत नाही.

मग समुद्राचा बेत करा: 'ती वा दी आन्दारे आल मारे?' गावासाठी नुसता 'आ', समुद्रासाठी 'आल'. प्रांताचं नाव आलं तर 'इन': इन तोस्काना. वाहनालाही 'इन', पण चालत जाणं 'आ प्येदी'. याला कारण शोधू नका, ही जोडी तशीच ठेवायची.

पायरी 8: शेवटचा मेसेज टाइप करा

बेत ठरला की इटलीत सहसा एक छोटा मेसेज जातो. तो रोमन लिपीत असाच लिहा:

```
Ciao Marco! Allora sabato andiamo a Lucca.
Il treno è alle 10:10. Ci vediamo alle 9:45
davanti al tabellone. E se piove?
C'è la casa di Puccini! A sabato!
```

टाइप करताना दोन गोष्टी तपासा. `e` म्हणजे 'आणि', `è` म्हणजे 'आहे'. फोनवर e दाबून धरला की खुणेची अक्षरं वर येतात, त्यातली डावीकडून खाली उतरणारी खूण निवडा; `perché`मधली मात्र उलटी, वर चढणारी. दुसरी गोष्ट, `ci` हा 'ची' आणि `che` हा 'के'. आपल्याला सवय असते `ch` दिसलं की 'च' वाचायची, आणि इटालियनमध्ये नेमकं उलटं आहे: `ch` नेहमी 'क', आणि नुसत्या `c` नंतर `i` किंवा `e` आला तर 'च'.